बारा व्होल्टची एलईडी पट्टी लॉजिक-लेव्हल मॉसफेटने चालवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरील सर्व उत्तरे एकाच जोडणीला धरून दिली आहेत. स्वयंपाकघराच्या ओट्यावरील कपाटांखाली ५ मीटर लांबीची पांढरी एलईडी पट्टी चिकटवलेली आहे. ती १२ व्होल्टवर चालते, तिच्यावर दर मीटरला 5050 आकाराचे ६० एलईडी आहेत आणि तिचे रीळ दर मीटरला १४.४ वॅट असे सांगते. म्हणजे पूर्ण पट्टी ७२ वॅटची झाली आणि तिला ६ अँपिअर प्रवाह लागतो. ही पट्टी आर्डुइनो नॅनोच्या ५ व्होल्टच्या पिनवरून चालू, बंद आणि मंद करायची आहे. आपली पट्टी लहान असेल, तर आकडे त्या प्रमाणात कमी होतील. विचार करण्याची पद्धत मात्र तीच राहील. ज्या पट्टीतील प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा बदलता येतो, तिच्यात नियंत्रक चिप आधीच बसवलेली असते. त्या पट्टीसाठी हे पान नाही.

पट्टी थेट आर्डुइनोच्या पिनला का जोडता येत नाही?

आर्डुइनोची पिन ५ व्होल्ट देते आणि तिच्यातून सुमारे २० मिलिअँपिअर निर्धास्तपणे घेता येतात. ४० मिलिअँपिअर ही तिची कमाल मर्यादा आहे आणि तिथपर्यंत जाऊ नये. आपल्या पट्टीला १२ व्होल्ट हवेत आणि ६,००० मिलिअँपिअर हवेत. त्यामुळे पिनने फक्त हुकूम द्यायचा आणि प्रवाह दुसऱ्या कोणीतरी वाहायचा, अशी विभागणी करावी लागते. मॉसफेट हे काम करतो. त्याच्या गेट या पायावर व्होल्टेज आले की ड्रेन आणि सोर्स या उरलेल्या दोन पायांमधील वाट मोकळी होते, आणि ती मोकळी राहण्यासाठी गेटला सतत प्रवाह पुरवावा लागत नाही.

मॉसफेट पट्टीच्या कोणत्या बाजूला बसवायचा?

निगेटिव्ह बाजूला. पट्टीची पॉझिटिव्ह तार सरळ १२ व्होल्टच्या पुरवठ्याला जाते. पट्टीची निगेटिव्ह तार मॉसफेटच्या ड्रेनला जाते आणि सोर्स पुरवठ्याच्या निगेटिव्हला जोडला जातो. तीन रंगांच्या साध्या पट्टीतही पॉझिटिव्ह तार सामाईक असते व प्रत्येक रंगाची निगेटिव्ह तार वेगळी असते, त्यामुळे तिथे हीच मांडणी तीन मॉसफेट वापरून तीनदा करायची.

यात एक तार हमखास राहून जाते. आर्डुइनोचा ग्राउंड आणि १२ व्होल्टच्या पुरवठ्याचा निगेटिव्ह एकमेकांना जोडलेले असलेच पाहिजेत. गेटवरील ५ व्होल्ट हे सोर्सच्या तुलनेत मोजले जातात. दोन पुरवठ्यांमध्ये सामाईक दुवा नसेल, तर त्या ५ व्होल्टना मॉसफेटच्या दृष्टीने काहीच अर्थ उरत नाही. पट्टी मुळीच न लागणे किंवा हात जवळ नेला की लुकलुकणे, ही याची खूण.

लॉजिक-लेव्हल म्हणजे नेमके काय? साधा मॉसफेट का चालत नाही?

सर्वाधिक गोंधळ इथेच होतो, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देत आहे.

मॉसफेटच्या डेटाशीटमध्ये `VGS(th)` नावाची एक ओळ असते. IRFZ44N या सहज मिळणाऱ्या मॉसफेटसाठी ती २ ते ४ व्होल्ट असे सांगते. ते वाचून अनेक जण असा निष्कर्ष काढतात की ५ व्होल्ट हे ४ पेक्षा जास्त असल्यामुळे मॉसफेट पूर्ण उघडेल. प्रत्यक्षात ही ओळ मॉसफेट कधी उघडतो हे सांगतच नाही. ड्रेनमधून फक्त २५० मायक्रोअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा चार हजारावा भाग, वाहू लागण्यासाठी गेटवर किती व्होल्ट लागतात, एवढेच ती सांगते. नळाला पहिला थेंब कधी फुटतो याची ती नोंद आहे. बादली किती वेळात भरेल ते तिच्यावरून कळत नाही.

पाहायची ओळ आहे `RDS(on)`, म्हणजे पूर्ण उघडलेल्या मॉसफेटचा ड्रेन आणि सोर्स यांच्यामधील रोध. त्या आकड्याशेजारी तो गेटच्या किती व्होल्टेजवर मोजला आहे, हे लिहिलेले असते. IRFZ44N साठी १७.५ मिलिओहम हा आकडा फक्त १० व्होल्टवर दिलेला आहे. ५ व्होल्टवर काय होईल याची हमी उत्पादकाने दिलेलीच नाही. त्याच घराण्यातील IRLZ44N साठी मात्र तीन आकडे आहेत: १० व्होल्टवर २२, ५ व्होल्टवर २५ आणि ४ व्होल्टवर ३५ मिलिओहम. लॉजिक-लेव्हल या शब्दाचा व्यवहारातील अर्थ एवढाच, की आपली पिन जितके व्होल्ट देते तितक्यावर मोजलेला `RDS(on)` डेटाशीटमध्ये छापलेला आहे. तो नसेल, तर भाग कितीही दमदार वाटला तरी आपल्या कामाचा नाही.

IRFZ44N लावूनही माझी पट्टी लागते, असे काही जण कळवतात, आणि ते खरेही असते. एखादा नग चांगला निघतो, पट्टी आखूड असते आणि काम भागते. पण पुढच्या वेळी घेतलेला नग ४ व्होल्टच्या बाजूचा निघाला, तर तो अर्धवट उघडतो, पट्टी पिवळट मंद जळते आणि उरलेली शक्ती मॉसफेटमध्ये उष्णता होऊन साठते.

मग कोणता भाग घ्यावा?

आर्डुइनोच्या ५ व्होल्टसाठी IRLZ44N पुरेसा आहे आणि तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत विचारल्यावर सहसा मिळतो. मिळत असेल तर IRLB8721 त्याहून सरस आहे: ४.५ व्होल्टवर कमाल १६ मिलिओहम. त्याची ड्रेनची मर्यादा ३० व्होल्ट आहे, आणि १२ व्होल्टच्या पट्टीला ती भरपूर झाली.

दोन-तीन अँपिअरच्या आतील भारासाठी AO3400A हा चिमुकला भाग मला विशेष आवडतो. त्याचा `RDS(on)` २.५ व्होल्टवरसुद्धा कमाल ४८ मिलिओहम असा दिलेला आहे. अडचण फक्त आकाराची. तो एसओटी-२३ या तांदळाच्या दाण्याएवढ्या पॅकेजमध्ये येतो, त्यामुळे बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न आणि स्थिर हात हवा.

2N7000 या भागाचे नाव बऱ्याच जुन्या आकृत्यांत दिसते. तो ३०-४० मिलिअँपिअरच्या रिलेसाठी ठीक आहे. पट्टीसाठी नाही, कारण त्याची मर्यादाच २०० मिलिअँपिअर आहे. आणि आर्डुइनोसाठी म्हणून तयार मिळणाऱ्या ज्या छोट्या पाट्यांवर IRF520 बसवलेला असतो, त्यांच्याबद्दल सावध राहावे: त्या भागाचा रोध १० व्होल्टवरच ०.२७ ओहम आहे, शिवाय तो लॉजिक-लेव्हलही नाही. त्या पाटीवर एक इंडिकेटर एलईडी ऐटीत लागतो आणि सगळे ठीक चालले आहे असा भास होतो.

ESP32 ची पिन ३.३ व्होल्टच देते. त्यावर IRLZ44N चालेल का?

बहुधा चालेल, पण डेटाशीटचा शेवटचा आकडा ४ व्होल्टचा असल्याने त्याखाली हमी नाही. एका मीटरच्या पट्टीसाठी तो धोका पत्करता येईल, पाच मीटरसाठी मी पत्करणार नाही. त्याऐवजी २.५ व्होल्टवर आकडा दिलेला AO3400A घ्यावा आणि पट्टीचे दोन-दोन मीटरचे तुकडे करून प्रत्येकाला स्वतंत्र मॉसफेट द्यावा.

मोठा मॉसफेटच वापरायचा असेल, तर मध्ये TC4427 सारखा गेट ड्रायव्हर घालावा. त्याला १२ व्होल्टचा पुरवठा दिला की तो पिनचे ३.३ व्होल्ट ओळखतो आणि गेटला १२ व्होल्ट देतो. मात्र अशा वेळी गेटची कमाल मर्यादा पाहायला विसरू नये. IRLZ44N चे गेट १६ व्होल्टपर्यंत सहन करते. AO3400A चे फक्त १२ पर्यंत, म्हणजे ड्रायव्हरसोबत त्याला जराही मोकळीक उरत नाही.

मॉसफेट किती तापेल? हीटसिंक लागेल का?

हे कागदावर आधीच काढता येते. पूर्ण उजेडात तापणारी शक्ती म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध:

```
P = I² × RDS(on) = 6 × 6 × 0.025 = 0.9 W
```

टीओ-२२० पॅकेज हीटसिंकशिवाय मोकळ्या हवेत दर वॅटला सुमारे ६२ अंश सेल्सिअस तापते. ०.९ वॅटला ५६ अंश झाले. पण गोष्ट इथेच थांबत नाही, कारण मॉसफेट तापला की त्याचा रोधही वाढतो आणि १०० अंशांच्या आसपास तो सुमारे दीडपट होतो. त्यामुळे प्रत्यक्षात १.३ वॅट आणि ८० अंशांची वाढ धरावी लागते. एप्रिलमधील ३५ अंशांच्या स्वयंपाकघरात आतील तापमान ११५ अंशांवर जाईल. मॉसफेटची मर्यादा १७५ अंशांची आहे, म्हणजे तो मरणार नाही. मात्र बोट लावले तर चटका बसेल, आणि बंद प्लास्टिकच्या डबीत हे गणित आणखी बिघडेल. एक लहान हीटसिंक लावला की प्रश्न मिटतो.

हाच हिशेब दोन मीटरच्या पट्टीसाठी केला, तर प्रवाह २.४ अँपिअर आणि उष्णता ०.१५ वॅटच्या आत येते. तिथे हीटसिंकची गरज नाही. लांबी अडीचपट झाली की उष्णता सहापटीहून अधिक होते, हे वर्गाचे लक्षण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

हीटसिंक लावताना एक गोष्ट: टीओ-२२० ची धातूची पाठ आतून ड्रेनला जोडलेली असते. तीन रंगांचे तीन मॉसफेट एकाच पत्र्यावर स्क्रूने आवळले, तर तिन्ही ड्रेन एक होतात आणि सगळे रंग एकदम लागतात. मधे अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लास्टिकचे बुश हवे.

गेटला रेझिस्टर कशासाठी? गेट तर प्रवाह घेतच नाही ना?

स्थिर असताना घेत नाही, स्थिती बदलताना घेते. गेट म्हणजे एक छोटा कपॅसिटर असतो. पिन शून्यावरून ५ व्होल्टवर जाते त्या क्षणी तो रिकामा कपॅसिटर पिनवर जवळपास शॉर्टसर्किटसारखा भार टाकतो. २२० ओहमचा रेझिस्टर मधे असेल, तर त्या क्षणीचा प्रवाह ५ भागिले २२०, म्हणजे २३ मिलिअँपिअरच्या वर जाऊ शकत नाही. शिवाय लांब तारेमुळे गेटवर उमटणारी कंपनेही तो दाबतो.

रेझिस्टर नसेल तर काय होते? खरे सांगायचे तर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही, आणि म्हणूनच तो लावावा की नाही यावर लोक हिरिरीने वाद घालतात. झटका मायक्रोसेकंदाहूनही कमी टिकतो आणि पिन तो सोसते. पण रेझिस्टर पन्नास पैशांना मिळतो, आणि मॉसफेट निकामी होऊन गेट व ड्रेन आत चिकटले, तर १२ व्होल्ट आणि आर्डुइनोची पिन यांच्यामध्ये उभा राहणारा तोच एकटा असतो. मी तो कधी वगळत नाही.

मग मोठा, १० किलोओहमचा रेझिस्टर लावला तर अधिक सुरक्षित नाही का?

नाही. रेझिस्टर जितका मोठा, तितका गेट भरायला वेळ जास्त, आणि त्या वेळात मॉसफेट ना धड उघडा असतो ना बंद. त्या मधल्या अवस्थेत त्याच्यावर व्होल्टेजही असते आणि त्याच्यातून प्रवाहही जात असतो. सर्वाधिक उष्णता तिथेच होते.

आकड्यांत पाहू. IRLZ44N च्या मधल्या टप्प्यासाठी डेटाशीट कमाल २५ नॅनोकूलंब विद्युतभार सांगते, आणि तो टप्पा चालू असताना गेट अंदाजे ३ व्होल्टवर रेंगाळते. म्हणजे रेझिस्टरवर उरतात २ व्होल्ट. २२० ओहम असेल तर ९ मिलिअँपिअर मिळतात आणि टप्पा सुमारे ३ मायक्रोसेकंदांत उरकतो. आर्डुइनोच्या ९ क्रमांकाच्या पिनवर `analogWrite` सेकंदाला ४९० वेळा पट्टी चालू-बंद करते, म्हणजे असे ९८० टप्पे होतात:

```
P = 0.5 × 12 × 6 × 3e-6 × 980 ≈ 0.1 W
```

०.१ वॅट नगण्य आहे. आता २२० च्या जागी १० किलोओहम ठेवा. प्रवाह ०.२ मिलिअँपिअर, टप्पा १२५ मायक्रोसेकंद आणि उष्णता ४.४ वॅट. पूर्ण उजेडात गार राहणारा मॉसफेट पट्टी मंद केल्यावर भाजू लागतो, हे कोडे ज्यांना पडते त्यांनी आधी हा रेझिस्टर तपासावा.

याच सूत्रातून दुसरी मर्यादाही दिसते. कॅमेऱ्याच्या चित्रात काळे पट्टे दिसू नयेत म्हणून काही जण वारंवारता २० किलोहर्ट्झवर नेतात. तेव्हा २२० ओहमसुद्धा मोठा ठरतो आणि उष्णता पुन्हा ४ वॅटच्या घरात जाते. तिथे गेट ड्रायव्हरच लागतो. ४९० किंवा ९८० हर्ट्झवर १०० ते २२० ओहममधील कोणतीही किंमत चालेल.

गेट आणि सोर्स यांच्यामध्ये दुसरा रेझिस्टर दाखवतात, तो कशाला?

आर्डुइनो सुरू होताना किंवा नवा प्रोग्रॅम चढताना त्याची पिन काही काळ कुठलाच हुकूम देत नाही. ती अधांतरी असते. अशा वेळी गेटवर आधीचा विद्युतभार तसाच राहतो किंवा बोटाच्या स्पर्शानेही चढतो, आणि पट्टी अर्धवट लागते. अर्धवट लागणे म्हणजे पुन्हा तीच मधली अवस्था. १० किलोओहमचा रेझिस्टर गेटवरून सोर्सला जोडला, की हुकूम नसताना गेट शून्यावर राहते.

हा रेझिस्टर २२० ओहमच्या पिनकडील बाजूला लावावा की गेटकडील, असा प्रश्न येतो. गेटकडे लावला तर ५ व्होल्टचे ४.८९ होतात. फरक कोणाला जाणवणार नाही. मात्र १० किलोओहम आणि २२० ओहम यांची अदलाबदल झाली, तर गेटला ०.१ व्होल्ट मिळतो आणि पट्टी कधीच लागत नाही. रंगपट्टे पुन्हा एकदा वाचून घ्यावेत.

मॉसफेट अस्सल आहे हे कसे ओळखावे?

एकदा मी दहा IRLZ44N घेतले. छपाई स्वच्छ होती, भाव जरा जास्तच चांगला होता. दोन मीटरच्या पट्टीवरही ते तापू लागले, तेव्हा पुढील चाचणी करून पाहिली.

गाडीच्या ब्रेकलाइटचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब पट्टीच्या जागी जोडावा. त्यातून सुमारे १.७५ अँपिअर जातात. गेटला सरळ ५ व्होल्ट द्यावेत आणि मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्याची टोके मॉसफेटच्या ड्रेन आणि सोर्स या पायांवरच टेकवावीत, तारांवर नाही. अन्यथा तारेचा रोधही मोजला जातो. अस्सल भागावर १.७५ गुणिले २५ मिलिओहम, म्हणजे ४४ मिलिव्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दिसायला हवे. माझ्या दहाही नगांवर ३९० च्या आसपास दिसले. म्हणजे रोध ०.२२ ओहम, आत दुसराच कुठलातरी मॉसफेट होता आणि वर नाव नवे छापले होते. दुकान बदलले, चाचणी कायम ठेवली.

पट्टी कधी बंदच होत नाही. काय तपासावे?

आधी पाय उलटे लागले आहेत का ते पाहावे. टीओ-२२० ची छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स असा क्रम असतो. मॉसफेटच्या आत सोर्सकडून ड्रेनकडे जाणारा एक डायोड जन्मतःच असतो. ड्रेन आणि सोर्स उलटे लावले, तर पट्टीचा प्रवाह त्या डायोडमधून गेटला न विचारता वाहत राहतो.

पाय बरोबर असतील, तर पुरवठा काढून गेटचा पाय सोर्सला टेकवावा आणि मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून ड्रेन व सोर्स दोन्ही दिशांनी तपासावेत. एका दिशेने अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणि दुसऱ्या दिशेने काहीच नाही, असे दिसले तर मॉसफेट ठीक आहे. दोन्ही दिशांनी शून्य दिसले तर तो आतून जळून एक झाला आहे. उन्हाळ्यात किंवा कोरड्या थंडीत सिंथेटिक कपड्यांवरील स्थिर विजेनेही गेट फुटते, म्हणून मॉसफेट पाकिटातून शेवटी काढावा.

पट्टीऐवजी छोटा पंखा, पंप किंवा रिले जोडता येईल का?

येईल, पण एका डायोडची भर घालून. या तिन्हींच्या आत तारेचे वेटोळे असते, आणि मॉसफेट बंद होताच त्या वेटोळ्यातील प्रवाह थांबायला नकार देतो. वाट मिळाली नाही, तर ड्रेनवरील व्होल्टेज क्षणात मॉसफेटच्या मर्यादेपलीकडे उसळते. भाराच्या दोन टोकांवर डायोड असा लावावा, की त्याची रेघ असलेली बाजू पॉझिटिव्हकडे राहील. नुसते चालू-बंद करायचे असेल तर 1N4007 पुरतो. पंपाचा वेग `analogWrite` ने बदलायचा असेल, तर 1N4007 सावकाश बंद होतो, म्हणून एका अँपिअरच्या आतील भाराला 1N5819 घ्यावा. डायोड उलटा लावला, तर मॉसफेट उघडताच तो १२ व्होल्टला सरळ शॉर्ट करतो. म्हणून पहिल्यांदा जोडताना पॉझिटिव्ह तारेत भाराला साजेसा छोटा फ्यूज असावा. आपल्या ६ अँपिअरच्या पट्टीसाठी तोच फ्यूज साडेसात अँपिअरचा, गाडीत वापरतात तसा, घ्यावा.

शेवटचा मीटर मंद दिसतो. हाही मॉसफेटचा दोष आहे का?

सहसा नाही. ६ अँपिअरवर IRLZ44N मध्ये फक्त ०.१५ ते ०.२ व्होल्ट खर्च होतात, आणि तेही सगळ्या पट्टीला सारखेच. खरी गळती पट्टीच्या पातळ तांब्यात आणि पुरवठ्यापासूनच्या तारेत होते. १ चौरस मिलिमीटरची तार ३ मीटर जाऊन ३ मीटर परत आली, तर ६ अँपिअरवर तिच्यातच ०.६ व्होल्ट जातात. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेत पाव व्होल्ट. तार जाड घ्यावी आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना पुरवठा द्यावा: पॉझिटिव्ह दोन्ही टोकांना आणि ड्रेनकडून येणारी निगेटिव्हही दोन्ही टोकांना. दूरच्या टोकाची निगेटिव्ह चुकून ड्रेनऐवजी थेट पुरवठ्याला जोडली, तर मॉसफेट वगळला जातो आणि पट्टी कायमची लागलेली राहते.